फोनवर "फायनल" झालं, लेटर अजून नाही: खुशीही दाखवायची आणि कागदही मागायचा तो कसा

प्रश्न: मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या युनिटला क्यूसीत आहे, हातात २९,५०० येतात, नोटीस २ महिन्यांची. काल संध्याकाळी नरडाण्याच्या एका पॅकेजिंग कंपनीच्या एचआरचा फोन आला, म्हणाले तुमचं फायनल आहे, ४० देऊ, पुढच्या एक तारखेला या, आणि आजच राजीनामा टाका. मी आनंदाच्या भरात "हो सर, नक्की" म्हणून बसलो. लेटरचं विचारायचं राहिलंच. आता मागितलं तर त्यांना वाटेल ह्याचा आपल्यावर भरोसा नाही. काय लिहू?

उत्तर:

भाऊ, आधी एकच काम, राजीनामा टाकू नका. बाकी सगळं निवांत सुधारता येतं, "हो सर" म्हणालात त्याने काही बिघडलेलं नाही.

मी १९ वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बहुतेक जळगाव-भुसावळ पट्ट्यात, म्हणजे असे फोन करणारा माणूस मीच होतो. तो फोन आमच्या बाजूने काय असतो ते सांगतो, मग मागायला लाज वाटणार नाही. इंटरव्ह्यू झाला, प्लांट हेडने मान हलवली, की एचआर पहिल्यांदा उमेदवाराला फोन लावतो, कारण त्याला बघायचं असतं की हा ह्या आकड्यात येतोय का. लेटर अजून बनलेलं नसतं. पुष्कळदा तर मंजुरीची फाईलही वर गेलेली नसते, कारण वर नेली, शेठनी सही केली आणि उमेदवार नाही म्हणाला तर एचआरला बोलणी बसतात. म्हणजे फोनवरचं "फायनल" हे एचआरच्या पातळीवरचं फायनल असतं, कंपनीचं असेलच असं नाही. ज्याला नोकरी सोडून यायचंय त्याने लेटर मागणं ही आमच्यासाठी रोजची गोष्ट असते. खरं सांगू का, जो मागत नाही त्याच्याबद्दलच मला शंका यायची की हा दोनतीन ठिकाणी हो म्हणून बसलाय आणि एक तारखेला फोन बंद ठेवणार.

आता माझ्याच हातून झालेलं एक सांगतो. एका कंपनीत असताना फैजपूरच्या एका पोराला मी स्वतः फोन केला, तुझं झालं, एक तारखेला ये, लेटर काय आल्यावर देऊ. पोरगा भला, त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दहा दिवसांत एक मोठी ऑर्डर रद्द झाली आणि वरून निरोप आला की सगळी भरती थांबवा. मी त्याला फोन केला तेव्हा त्याच्या जागी जुन्या कंपनीत दुसरा माणूस बसलासुद्धा होता. त्याच्याकडे काय होतं? माझ्या कॉलची नोंद, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. तीनेक महिने तो घरच्या केळीत राबला, मग कुठेतरी लागला. मी खोटं बोललो नव्हतो, फोन केला त्या दिवशी ती जागा खरंच होती. पण ह्याच कारणासाठी कागद लागतो, समोरचा लबाड असतो म्हणून नव्हे तर परिस्थिती फिरते म्हणून. तोंडी करार कायद्याने चालतो हे खरं आहे, १८७२ चा करार कायदा लेखीचा हट्ट धरत नाही, पण काय ठरलं होतं ते सिद्ध कोण आणि कशाने करणार? आणि त्याच कायद्यात हेही आहे की समोरच्याने आपला स्वीकार रवाना करेपर्यंत देणारा आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो.

कुणी म्हणेल आता कायद्यानेच नेमणूकपत्र द्यावं लागतं. बरोबर आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. पण तो कागद तुम्ही कामगार झाल्यावरचा. तुमची अडचण त्याच्या दोन महिने आधीची आहे, जेव्हा तुम्ही जुन्या घरातून निघालात आणि नव्याचं दार उघडायचंय. त्यासाठी लागतं ते ऑफर लेटर, निदान कंपनीच्या आयडीवरून आलेला एक मेल.

मागायची युक्ती म्हणाल तर एकच आहे आणि ती मी मुलाखतीला बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: लेटर हे विश्वासासाठी मागायचंच नाही, नोटीस सुरू करण्यासाठी मागायचं. त्यांना घाई कशाची आहे? तुम्ही लवकर यावं ह्याची. मग तुमचं येणं लेटरला बांधून टाका. "लेटर आलं की त्याच दिवशी राजीनामा देतो" ह्या वाक्यात तुमची खुशी पण आहे आणि अट पण आहे, आणि उशीर झालाच तर तो त्यांच्या टेबलावर आहे हे पण न बोलता कळतं. आता लेटर लवकर काढणं ही एचआरचीच गरज झाली, तोच अकाउंट्सच्या मागे लागेल, शेठच्या केबिनबाहेर उभा राहील.

फोन परत आला, किंवा तुम्हीच केलात, तर एवढंच बोला: "सर, काल फोन ठेवला आणि घरी सगळ्यांना सांगितलं, खूप आनंद झाला. मला तुमच्याकडे यायचंच आहे. ऑफर मेलवर पाठवता का, म्हणजे मी इथे लगेच राजीनामा देऊन नोटीस सुरू करतो." आणि मग थांबा. गप्प बसा. आपल्याकडे लोक ह्या जागी घाबरून पुढे बोलत सुटतात, "म्हणजे तसं काही नाही सर, तुमच्यावर विश्वास आहेच, पण घरचे म्हणतात, मागे माझ्या मित्राला..." आणि साधी विनंती होती तिची तक्रार होऊन बसते. विश्वासाचा विषय तुम्ही काढला नाहीत तर तो निघतच नाही.

फोन झाला की तासाभरात लेखी पाठवा. मेल असेल तर मेल, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप, इंग्रजीत लिहायची सवय असेल तर इंग्रजीत, मजकूर असा काहीसा:

"नमस्कार सर, काल फोनवर क्यूसी एक्झिक्युटिव्ह पदासाठी निवड झाल्याचं कळवलंत, मनापासून आभार. प्लांट हेड सरांनी इंटरव्ह्यूत नव्या प्रिंटिंग लाइनबद्दल सांगितलं तेव्हापासून मला हे काम करायची उत्सुकता आहे. आपल्या बोलण्यातून मला समजलं ते असं: कामाची जागा नरडाणा प्लांट, पगार दरमहा ४०,०००. हे ग्रॉस की सीटीसी ते कृपया ब्रेकअपसह कळवावं. माझी नोटीस २ महिन्यांची आहे, त्यामुळे जॉइनिंगची तारीख त्याप्रमाणे ठरवावी लागेल, लवकर सुटता आलं तर मी प्रयत्न करतोच. ऑफर लेटर मेलवर मिळालं की ते वाचून लगेच स्वीकार कळवतो आणि त्याच दिवशी इथे राजीनामा देतो. शुक्रवारपर्यंत मिळू शकेल का?"

ह्यात तीन गोष्टी मुद्दाम केल्यात. उत्साह कामाबद्दल आहे, आकड्याबद्दल नाही. "ऑफर मान्य आहे", "कन्फर्म" हे शब्द कुठेच नाहीत, कारण एचआरच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे एकदा कन्फर्म पडलं की मग पगारावर बोलायला जागा उरत नाही. काल तोंडाने हो म्हणालात ते म्हणालात, "वाचून लगेच स्वीकार कळवतो" ह्या चार शब्दांनी ते हळूच जागेवर येतं, मी हो म्हणालोच नव्हतो असा वाद घालायची गरज नाही. आणि तिसरं, शुक्रवार. वार न टाकता "लवकरात लवकर" लिहिलंत तर त्याचा अर्थ आमच्याकडे "नंतर" असा होतो.

"इंटरव्ह्यूत नव्या लाइनबद्दल सांगितलं" असलं एखादं खरं, त्याच कंपनीचं वाक्य टाका. "आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी" हे सगळेच लिहितात, कुणी वाचत नाही.

आता त्या ४० कडे येऊ, कारण तुम्ही लेटर मागताय त्याचं खरं कारण ते आहे. फोनवर "चाळीस देऊ" ह्याचे तीन अर्थ होतात आणि तिन्ही सांगणारा खरंच बोलत असतो. हातात चाळीस म्हणजे चाळीस, ह्या लेव्हलला ते फारसं कुणी म्हणत नाही. ग्रॉस चाळीस असेल तर त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ जाईल, तो १५,००० च्या मर्यादेवर धरला तर १२ टक्क्यांनी १,८००, आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००), म्हणजे हातात ३८,०००.

तिसरा अर्थ सीटीसी, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार भागिले १२. इथेच माणूस फसतो. समजा बेसिक २०,००० धरलं. त्या चाळीसमधून कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० बाजूला काढते. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के धरते, म्हणजे ९६२, जी तुम्हाला नोकरी सोडतानाच मिळते आणि तीही कायम नोकरीत साधारणपणे ५ वर्षं भरली तर. वर्षाचा परफॉर्मन्स बोनस ३६,००० म्हणून महिन्याला ३,०००, तो मिळेल वर्षाच्या शेवटी आणि मिळेल तेवढा मिळेल. मेडिक्लेमचे ५०० धरू. उरलं ग्रॉस ३३,७३८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेले की हातात ३१,७३८. धुळ्याहून कंपनीची बस असेल आणि तिचे १,००० कापत असतील तर ३०,७३८.

आज तुम्हाला २९,५०० येतात, राहता घरी. फरक पडला १,२३८ रुपयांचा, आणि नरडाण्याला जायचं म्हणजे जळगावचं घर सोडून धुळ्यात नाहीतर शिरपूरला खोली घ्यावी लागेल. म्हणजे पगार वाढून खिसा हलका. ग्रॉस चाळीस असेल तर गणित पूर्ण वेगळं, मग जा. बोनस, मेडिक्लेम, बसचे आकडे मी नमुन्याला घेतलेत, त्यांचे वेगळे असतील, पण फोनवरच्या एका शब्दात सहा-आठ हजारांचा झोल लपू शकतो हे ध्यानात घ्या, म्हणून मेसेजमध्ये "ग्रॉस की सीटीसी" हे थेट विचारलंय. त्यात उद्धटपणा काही नाही, क्यूसीचा माणूस मोजमाप विचारणारच की.

आणि पगार वाढवून मागायचा असेल तर आत्ता, लेटर निघायच्या आधी. ब्रेकअप मेलवर आला की फोन करा, सांगा की सर, सीटीसीत चाळीस धरले तर हातात आत्तापेक्षा हजार-बाराशेच जास्त येतात आणि मला राहायचं पण बघावं लागेल, ग्रॉस चाळीस होऊ शकतं का. सही झालेलं लेटर बदलायचं म्हणजे एचआरला परत वर जाऊन सांगावं लागतं की माझं चुकलं, ते कुणाला आवडत नाही. आधी मागितलं तर ती नेहमीची घासाघीस, नंतर मागितलं तर "हा माणूस शब्द फिरवतो".

लेटर आलं की बाकी कलमं वाचाच, पण तुमच्या केसमध्ये दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. एक, जागा. फोनवर नरडाणा म्हणतात आणि लेटरमध्ये "कंपनीच्या भारतातील कोणत्याही ठिकाणी बदली होऊ शकते" असं असतं. हे कलम जवळपास सगळीकडे असतं, त्यावर भांडू नका, फक्त सुरुवातीची जागा नरडाणा असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. दुसरं, नोटीस आणि बाँड. प्रोबेशनमध्ये त्यांनी काढायचं तर ७ दिवस आणि तुम्ही सोडायचं तर २ महिने, असं एकतर्फी असेल तर विचारा. बाँडसाठी कोरा चेक किंवा ओरिजिनल मार्कशीट मागत असतील तर देऊ नका, ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची.

नोटीसचं तुमचं त्रांगडं वेगळंच आहे. ते एक तारीख म्हणतात, तुमची नोटीस ६० दिवस. फोनवर एचआर म्हणेल "बघू, आम्ही करू बायआउट". करू म्हणजे किती, कोण आधी भरणार, आणि तुम्ही वर्षाच्या आत सोडलं तर परत घेणार का, हे लेटरमध्ये नाहीतर त्याच मेलमध्ये एका ओळीत आलं पाहिजे. नाहीतर जुनी कंपनी तुमच्या फुल अँड फायनलमधून एक महिना कापेल आणि नवी म्हणेल असं काही ठरलं नव्हतं. हा घोळ मी इतक्या वेळा पाहिलाय की आता ऐकूनच कंटाळा येतो.

शुक्रवार गेला आणि काही आलं नाही तर? सोमवारी सकाळी ११ च्या सुमाराला एक फोन, तक्रार नाही, "सर, इथे राजीनामा टाईप करून ठेवलाय, लेटरसाठीच थांबलोय, अजून माझ्याकडून काही कागद पाहिजे का?" बऱ्याचदा खरंच सॅलरी स्लिप नाहीतर आधारची कॉपी अडलेली असते. उत्तरात "सही बाकी आहे, दोन दिवसांत" आलं तर थांबा. "एचओहून यायचंय" हेही खरं असू शकतं. पण "लेटर काय, जॉइन झाल्यावर देऊ, तुम्ही आधी राजीनाम्याचा फोटो पाठवा" असं आलं तर तिथे घट्ट उभं राहायचं. म्हणा, "सर, लेटर नंतर चालेल, पण पद, पगाराचा ब्रेकअप, जागा आणि जॉइनिंगची तारीख एवढ्या चार गोष्टी कंपनीच्या आयडीवरून मेल करा, मी त्यावर राजीनामा देतो." एवढं करायला पाच मिनिटं लागतात. जो एवढंही करत नाही त्याच्याकडे एकतर मंजुरी नाही, नाहीतर तुमच्यासारखा अजून एक जण त्याने थांबवून ठेवलाय. दोन्हीत तुम्ही आहे तिथेच बरे.

छोट्या युनिटचं मात्र मी वेगळं सांगेन, कारण आपल्याकडे दालमिल, जिनिंग, छोटे पाईपवाले, इथे एचआरच नसतो, शेठ स्वतः गादीवर बसून म्हणतो "अरे भो, माझा शब्द आहे, कागद कशाला". तिथे लेटर लेटर करत बसाल तर शेठ खरंच दुखावतो, त्याने लेटरहेड शेवटचं बँकेसाठी वापरलेलं असतं. तिथे कागद तुम्हीच तयार करायचा. बाहेर आल्यावर त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "शेठ, आज आपलं ठरलं त्याप्रमाणे हातात ३५,०००, पीएफ वेगळा कंपनी भरणार, आठवड्याला रविवार सुट्टी, १ तारखेपासून येतो. काही चुकलं असेल तर सांगा, म्हणजे उद्या इथे राजीनामा देतो." शेठचा "हो" किंवा नुसता अंगठा आला तरी पुरेसं. तो कोर्टात लढायला नाही, सहा महिन्यांनी अकाउंटवाला "पीएफ पकडूनच ठरलं होतं" म्हणाला की दाखवायला आहे. मी पाहिलंय, शेठ लोक स्वतःचा मेसेज बघितला की वाद घालत नाहीत.

आणि ज्याच्या हातात आज नोकरीच नाही त्याने एवढं ताणू नये, तो उद्या जाऊन बसला तर त्याचं जाणार काय आहे, लेटर तिथे बसून मागता येतं. तुमच्या हातात २९,५०० आहेत, तुमचं जाण्यासारखं आहे.

आता क्रम. आज वरचा मेसेज पाठवा. ब्रेकअप आला की हातातला आकडा स्वतः काढा, बोलायचं ते बोला. लेटर आलं की त्यातली "अमुक तारखेपर्यंत वैध" ही ओळ बघा, सही केलेली कॉपी स्कॅन करून "ऑफर स्वीकारतो, जॉइनिंग अमुक तारखेला" असं त्याच मेलला उत्तर द्या आणि त्यांची पोच येऊ द्या, "मिळालं" एवढी एक ओळ. ती आली की चटईवाल्यांना राजीनामा, तोही मेलने, तारखेसकट, आणि सुपरवायझरला आधी तोंडाने सांगून, कारण रिलीव्हिंग लेटरसाठी त्याच्याच दारात जायचंय.